कुरडयांच्या फोटोखाली

आमची ही पौषात गेली. चैत्रात सूनबाईने एकटीने कुरडया घातल्या आणि तिसऱ्या दिवशी दुपारी मोबाईल घेऊन माझ्यापुढे येऊन बसली. मी पडलो होतो. त्या दिवसांत मी पडूनच असायचो.

"बाबा, जरा बघून द्या ना. मोबाईलने लिहिलंय, पण सही आहे का गलत, मला काय कळणार?"

सून हिंदी शाळेतली. मराठी बोलते फर्राटेदार, वाचताना मात्र अडखळते. मी सातवीत शाळा सोडली, जन्मभर देवासच्या कारखान्यात फिटर होतो, पण आमच्या वेळची शाळा मराठी होती. घरात मराठी वाचणारा मी एकटाच उरलो.

हा फोटोचा उद्योग आमच्या हिचा. पाच-सहा वर्षं ती पापड-कुरडया विकत होती. थोडं गिऱ्हाईक देवासचं, जास्त धारचं, कारण तिचं माहेर धार. फोटो सून काढायची आणि गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर टाकायची. खाली काय लिहायचं ते ही चुलीपाशी बसून बोलायची आणि सून ऐकून तसंच टाइप करायची. "मीठ जास्त वाटलं तर मला फोन करू नका, पाणी प्या." असलं काहीतरी. लोक हसायचे आणि मागवायचे.

आता सुनेने फोटो मोबाईलला दाखवून नुसतं सांगितलं होतं, कुरडयांचं कॅप्शन दे. त्याने दिलं. मी चष्मा लावून मोठ्याने वाचलं.

"आजीच्या मायेच्या उबेत, रात्रभर भिजवलेल्या तांदळापासून प्रेमाने लाटलेल्या पारंपरिक कुरडया. प्रत्येक घासात आठवणींचा गोडवा."

"कसं आहे?" सूनबाई म्हणाली.

"कुरडई लाटतात?"

"नाही."

"तांदळाची घातलीस?"

"गव्हाची."

"रात्रभर भिजवलेस गहू?"

"तीन दिवस. पाणी रोज बदललं."

"आणि गोडवा कुठून आला? मीठ टाकलंस की साखर?"

ती हसली. मला हसू आलं नाही. तिला म्हटलं, त्याचा काय दोष. तू काही सांगितलं नाहीस, त्याने पदरचं भरलं. आधी खरं काय ते सगळं त्याला सांग. मग लिहू दे. मग आपण वाचू, आणि जे वाक्य मला बसस्टँडवर उभं राहून बोलता येणार नाही ते काढून टाकू. मायेची ऊब मी कुणाला बोलून दाखवू? चाळीस वर्षांच्या संसारात प्रेम हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नाही. 

सुनेने सगळं सांगितलं. गहू, तीन दिवस, चीक गाळला, एक रात्र निवळू दिला, वरचं पाणी काढलं, घाटला, सोऱ्याने पाडल्या. वर आणखी एक शक्कल लढवली. सासूबाईंची जुनी वीसेक कॅप्शनं त्याला दिली आणि सांगितलं, असं लिही.

या वेळी त्याने लिहिलं ते असं :

"गहू तीन दिवस भिजवलेत, वास आला म्हणून नाक मुरडू नका, तोच खरा. आज सकाळी मी चीक घाटला, हात भरून आलेत. ज्यांना हव्यात त्यांनी आजच सांगा, नंतर माझ्या नावाने रडू नका."

मी वाचता वाचता थांबलो. तिचंच होतं. नाक मुरडू नका, हे तर ती मलाच म्हणायची. मोबाईल खाली ठेवला, चष्मा पुसला. 

"हे मस्त आहे ना, बाबा?" सूनबाई हळूच म्हणाली. "एकदम आई. हेच टाकू."

"मी चीक घाटला म्हणतंय. हा मी कोण?"

तिने मोबाईल उचलला, ओळीवर बोट ठेवून अडखळत वाचलं.

"ती गेली हे त्याला सांगितलंस?"

"नाही. त्याला कशाला..."

"आणि धारच्या बायांना?"

तेही सांगितलं नव्हतं. नातेवाइकांना माहीत होतं, गिऱ्हाइकांना कुणी कळवलं? सुनेचे डोळे भरले. "बाबा, त्या सगळ्या आईंच्या हाताच्या मागवतात. माझ्या कोण मागवेल? मला हे काम सोडायचं नाही. यातलं सगळं त्यांनी मला शिकवलंय. एक सीझन जाऊ दे, मग सांगू."

खरं सांगतो, मलाही ते खोडवत नव्हतं. तसंच राहिलं असतं तर ती दर आठवड्याला तिथे बोलली असती, आणि मी पडल्या पडल्या वाचलं असतं. पण मेलेल्या बाईने आज सकाळी चीक घाटला, असं मी लिहू देणार नव्हतो. आणि तिच्या तोंडचे शब्द तिचे होते. तिने ते कुणाच्या नावावर केले नव्हते.

मी म्हटलं, "तू मालकीण आहेस आता. तू बोल. धारची बाई समोर उभी आहे असं समज, काय सांगशील?"

तिने डोळे पुसले. मग बोलली. बोलली तसं तिनेच टाइप केलं. मोबाईलने नीटनेटकं करून परत दिलं त्यात 'दुःखद निधन' घातलं होतं आणि तिचा 'सीझन' काढून 'हंगाम' केला होता. ते मी पुन्हा बदलायला लावलं. तुटक्या कुरडयांचंही गाळलं होतं. तेही परत घातलं. शेवटी राहिलं ते हे :

"सासूबाई पौषात गेल्या. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, जमलं नाही. या सीझनच्या कुरडया मी घातल्यात. गहू तीन दिवस भिजवले, त्यांनी शिकवलं तसंच. पहिल्यांदाच एकटीने केल्या, म्हणून थोड्या जाड आल्यात, काही तुटल्यात. चालत असतील तर सांगा."

टाकलं. संध्याकाळपर्यंत एकही फोन नाही. सूनबाई सारखी मोबाईल उलटा-पालटा करत होती. मला वाटलं, झालं, माझ्या खरेपणाने पोरीचं काम बुडवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धारहून फोन आला. हिच्या माहेरच्या गल्लीतली म्हातारी, दरसाल मागवणारी. तिथे आता हिच्या माहेरचं कुणी राहत नाही. फोन मी उचलला.

"काय हो, चार महिने झाले आणि आम्हाला आता सांगता?"

"चुकलं."

"चुकलंच. बरं, मला नेहमीएवढ्या पाठवा. तुटक्या असल्या तरी चालतील, तळून खायच्याच आहेत." मग म्हणाली, "पण तुटल्या का? चीक थंड झाला की तुटतात. सोऱ्या कोण दाबत होतं?"

"सूनच. घाटायचंही तिनेच आणि दाबायचंही तिनेच."

"दरवर्षी तर तुम्ही दाबायचात. ती सांगायची मला. या वेळी तुम्ही काय करत होता?"

पडलो होतो हे तिला काय सांगणार.

लोक 'तिच्या हातच्या' म्हणून मागवायचे, पण सोऱ्या माझ्या हातात असायचा. तिचं मनगट दुखायचं. गरम चीक ती भरायची, मी दाबायचो, आणि ती म्हणायची, गोल फिरवा, नळ बसवताय का.

त्या आठवड्यात सुनेने पुन्हा गहू भिजवले. पाचव्या दिवशी सकाळी मी उठून गच्चीवर गेलो. तिने चीक भरला, मी दाबला. पहिल्या दोन-तीन वाकड्या पडल्या. मग जमलं.

दुपारी ती नवीन मजकूर दाखवायला आली. शेवटचं वाक्य होतं, "सोऱ्या सासऱ्यांनी दाबला, म्हणून या वेळी तुटल्या नाहीत."

"हे मोबाईलने लिहिलं?"

"नाही, मी."

वाचून पाहिलं. बसस्टँडवर बोलता आलं असतं. म्हटलं, राहू दे.