टाकीवर चढणाऱ्याने टाईप केलेला बायोडेटा

आधी डॉक्टरबाईंचे आभार, मग बाकीचं. त्या नसत्या तर मी आज कुठे असतो हे मला ठाऊक नाही. बहुधा घरी असतो आणि आठवी नापासाचं काय करायचं यावर भावकी चर्चा करत असती.

तमिळ मुलखातल्या अंबत्तूरच्या एका कारखान्यातलं माझं कंत्राट संपलं, त्या आठवड्यातली गोष्ट. चहाच्या टपरीवर उभा राहून मी आईला फोनवर सांगत होतो, "जेवलो गं, भात, सांबार, सगळं." मागून आवाज आला, "आईला खोटं कशाला सांगतोस बा? हातात तर नुसता बन आहे." मराठी, पण सूर तमिळ. वळून बघतो तर पन्नाशीच्या एक बाई, गळ्यात स्टेथोस्कोप आणि साडीवर मांजराचे केस. तंजावरकडच्या मराठी, जनावरांच्या डॉक्टर. त्या नोकरीला होत्या त्या दवाखान्यात कुत्री धरायला माणूस हवा होता. "कुत्र्यांची भीती वाटते का?" त्यांनी विचारलं. मी "छे" म्हणालो. आईनंतर दुसरं खोटं, त्याच चहावर.

तीन वर्षं कुत्री धरली. म्हणजे मी कुत्री धरायचो आणि कुत्री मला.

मग दवाखान्याचे मालक, तेही डॉक्टरच, मुलाकडे परदेशी निघाले आणि त्यांनी जागा सोडली. डॉक्टरबाईंना ओरगडमच्या पुढे एका मोठ्या दुग्धशाळेत जागा असल्याचं कळलं. शेकडो गाई, पशुवैद्य हवा. बाईंनी फोनवरच सांगून टाकलं, "मी येईन तर माझा मदतनीसही येईल." त्यामुळे त्यांना नोकरी मिळाली तर मला, नाही तर दोघेही घरी. त्यांचं घर तरी इथेच होतं. माझं दीड दिवस रेल्वेने.

त्यांनी बायोडेटा पाठवला तो अर्ध्या पानाचा. नाव, पदवी, आणि खाली एक ओळ : सर्व जनावरांवर उपचार केले. दुग्धशाळेच्या मॅनेजरांनी तो परत पाठवला. कोणकोणत्या जातीची जनावरं, कोणत्या शस्त्रक्रिया, त्यातल्या स्वतः किती आणि मदतीला किती, कुठल्या गोठ्यांवर जाऊन काय केलं, राज्य पशुवैद्यक परिषदेकडची नोंदणी कधीपर्यंत वैध, हे सगळं हवं.

"तूच टाईप कर," बाई म्हणाल्या. "मला स्वतःबद्दल लिहायला लाज वाटते."

मला अजिबात वाटत नव्हती. दोन बोटांनी मी चार पानं उठवली. जनावरांच्या यादीत कुत्रा, मांजर, गाय, म्हैस, शेळी, मेंढी, ससा, कोंबडी आणि शेवटी ठळक अक्षरात समुद्री कासव.

बाईंनी चष्मा पुसला. "हे कासव कुठलं?"

"इथल्याच कोवलमचं, मॅडम. जाळ्यात अडकलेलं. कोळी घेऊन आले होते."

"आपण त्याच्यावर ओलं गोणपाट टाकलं अन् वनखात्याला फोन केला. त्याला उपचार म्हणतात? काढ."

कासव गेलं. मग शस्त्रक्रिया. कुत्र्यामांजरांच्या नसबंदीपासून टाके घालण्यापर्यंत सगळं मी एकत्र केलं होतं, त्यात नखं कापणंही होतं, कारण त्याच वेळी मी सर्वांत जास्त घाम गाळलेला असे. बाईंनी नखं उडवली. गाईच्या पोटातून प्लास्टिक काढल्याची तीन ऑपरेशनं मी लिहिली होती. त्यातल्या एकापुढे त्यांनी पेनने लिहिलं : सहायक, मुख्य शल्यचिकित्सक दुसरे.

"पण मॅडम, तुम्हीच तर हात घातला होतात!"

"हात घातला. निर्णय त्यांचा. तू त्या वेळी जमिनीवर होतास, तुला कसं कळणार?"

हे खरं होतं. गाईच्या डाव्या कुशीत चीर पडली, आतून कॅरीबॅगचा चेंडू बाहेर आला, आणि मी शुद्धीवर आलो तेव्हा टाके पडत होते.

चार पानांची दोन झाली. आता सगळी भिस्त गोठ्यांच्या भेटींवर होती, कारण दुग्धशाळेला तेच हवं. आणि भेटींची नोंदच नव्हती. बाईंना जनावरं आठवत, गावं नाही. "ती जर्सी होती, शिंग मोडलेली," एवढंच. मला मात्र सगळं आठवत होतं. भीती माणसाला फार चांगली स्मरणशक्ती देते. म्हशीने लाथ मारली ते गाव, बोकड मागे लागला ते गाव, आणि श्रीपेरुंबुदूरकडचा तो गोठा, जिथे म्हैस अडली होती. रेडकाची मान मागे वळलेली. बाई कोपरापर्यंत हात घालून ती सरळ करत होत्या. म्हशीने मान झटकली आणि मी दोर सोडून पाण्याच्या टाकीवर चढलो.

"तुझ्या आठवणीवर लिहिणार नाही," बाई म्हणाल्या. "मालकांनी हो म्हटलं तर लिही."

मग एकेकाला फोन, स्पीकरवर. बाईंनी ओळख दिली की समोरून प्रश्न, कुठल्या डॉक्टर? जनावरांचे डॉक्टर बरेच येऊन गेलेले. मग बाई म्हणायच्या, "माझ्याबरोबर एक उंच मराठी माणूस होता."

"अय्यो! बोकडाला घाबरून ट्रॅक्टरखाली गेलेला तो? आलात की तुम्ही. तीस शेळ्यांना लस टोचली."

दुसऱ्याने ओळखलं ते माझ्या किंकाळीवरून. टाकीवाल्याने तर बायकोला हाक मारून फोन दिला. असं करत एकूण एक भेट पक्की झाली. माझी अब्रू जात होती आणि बाईंचा अनुभव भरत होता. नोंदणीचा क्रमांक मी दारावरच्या पाटीवरून उतरवला होता, तो मालकांचा निघाला. बाईंनी पर्समधलं स्वतःचं कार्ड काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

मुलाखतीला मी त्यांच्याबरोबर गेलो, दाराबाहेरच्या बाकावर बसलो. दार अर्धं उघडं होतं. मॅनेजरांनी बायोडेटा पुढे ठेवला आणि एका भेटीवर बोट ठेवून तिथल्या तिथे मालकाला फोन लावला. अडलेल्या म्हशीचा गोठा. मालक म्हणाले, रेडकू जिवंत निघालं, आता चांगली मोठी पारडी झालीय, गाभण आहे. पुढे हसत हसत बाकीचंही सांगितलं. मला बाकाखाली जावंसं वाटलं.

मॅनेजरांनी फोन ठेवला. "डॉक्टर, तुम्ही सोमवारपासून या. पण मदतनीस म्हणून जो आणताय, तो टाकीवर चढणाराच का?"

मी डोळे मिटले. तिकीट कुठल्या गाडीचं मिळेल तेही मनात सुरू झालं.

"आमा, हो, तोच," बाई म्हणाल्या. "चढला खरा. पण खाली मी एकटी अडकलीय हे बघून उतरला, दोर धरला, अन् रेडकू निघेपर्यंत रडत रडत ओढत राहिला. न घाबरणारा माणूस तुम्हाला मिळेल. घाबरूनही परत येणारा शोधून बघा."

मॅनेजर दारापर्यंत आले, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "इथल्या टाक्या फार उंच आहेत," म्हणाले. "सोमवारी ये."

परतताना बसमध्ये मी बाईंच्या शेजारी बसलो. बाईंनी खिडकीकडे बघत विचारलं, आईला फोन केलास का. केला नव्हता. केला, आणि या वेळी जेवलो नाही हे खरंच सांगितलं.

डॉक्टरबाईंनी महाराष्ट्र कधी पाहिलेला नाही. त्यांच्या कितीतरी पिढ्या इकडेच गेल्या. माझं काम पक्कं झालं की मी त्यांना आमच्या गावी नेणार आहे. आई त्यांच्या पानात गरम भाकरी वाढेल, आणि ज्यांनी तिच्या मुलाला परमुलखात उभं केलं त्या या, असं मी भावकीदेखत सांगेन. त्यांचं ऋण फिटणार नाही हे मला कळतं. पण कधीतरी नेईनच.