कोट नागपूरला, साडी पांढुर्ण्याला

आमच्या मोठ्या भाऊजींना मी आयुष्यात एकदाच मनापासून मान दिला, तो ताईच्या लग्नात त्यांच्या अंगावर फुलं टाकताना. पुढं त्यांनी तशी वेळच येऊ दिली नाही. ते पांढुर्ण्याला एका सरकारी कचेरीत बाबू होते आणि महिन्या-दोन महिन्यांनी सौंसरला आमच्याकडे येऊन दोन दिवस शहाणपण सांगून जात. बाबा नगरपालिकेत नोकरीला होते, घरात कुणापुढं वाकायचे नाहीत, पण जावई म्हटला की त्यांच्या तोंडून "जवाईबापू म्हणतात ते बरोबर हाय" याखेरीज दुसरं वाक्य निघत नसे.

भाऊजींकडे एक ब्लेझर होता. गडद निळा. त्यांचा कुणी चुलतभाऊ आखातात कामाला होता, त्यानं आणलेला. बाहीवरची कंपनीची पट्टी त्यांनी कधी उसवली नाही, कारण ती उसवली तर कोट परदेशी आहे हे लोकांना कळायचं कसं? तो कोट ते भर मे महिन्यातही घालत. घाम गळ्यापर्यंत आला तरी बटण सोडत नसत.

कोटाच्या आतल्या खिशाजवळ आणखी एक छोटी पट्टी होती, तिच्यावर चित्रं होती. एकदा जेवणं झाल्यावर भाऊजींनी ती सगळ्यांना दाखवली. पाण्याच्या टबावर फुली, त्रिकोणावर फुली, इस्त्रीत एक ठिपका, आणि एका गोलात इंग्रजी पी.

"हे काय असते, माहीत हाय का कोणाले?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगितलं, "काही नसते. कंपनीवाल्यांचे नखरे. पी म्हणजे प्रेस करा."

मी कॉलेजात गृहविज्ञान शिकत होते. आमच्या मॅडमनी ही चित्रं फळ्यावर काढून घोकून घेतली होती. मी म्हटलं, "भाऊजी, प्रेससाठी इस्त्रीचं चित्र वेगळं दिलं हाय न. एक ठिपका म्हणजे कोमट इस्त्री. टबावर फुली म्हणजे पाण्यात घालायचंच नाही. त्रिकोण म्हणजे ब्लीच, त्याच्यावर फुली म्हणजे तेही नको. अन् गोल म्हणजे ड्रायक्लीन. आतलं अक्षर धुणाऱ्यासाठी असते, कोणतं औषध चालते ते सांगाले."

"हो का? पाण्याशिवाय कपडा कधी निघाला का?" असं म्हणून भाऊजी हसले. बाबाही हसले. त्यांना हसावंच लागलं.

मी मग हट्टानं सांगितलं की ब्लेझरच्या वरच्या कापडामागं कडक कापड डिंकानं चिकटवलेलं असतं, आत अस्तर वेगळंच. पाण्यात ही तिन्ही सारखी आटत नाहीत, म्हणून कॉलरच्या पट्ट्यांवर फुगे येतात आणि ते मग कुठल्याच इस्त्रीनं बसत नाहीत. भाऊजींनी सुपारी कातरता कातरता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शिकली आमची साळी." त्यांचा हा स्वर माझ्या डोक्यात जायचा, अजूनही आठवला की जातो.

त्याच वर्षी धाकटीचं, म्हणजे ताईहून धाकटी आणि माझ्याहून मोठी त्या बहिणीचं लग्न ठरलं. आमच्यात, बौद्धांत, नवरी पांढरी साडी नेसते. बहुतेक जणी बाजारातून तयार घेत. धाकटीनं साधी पांढरी सिल्कची साडी आणली आणि काठापदरावर स्वतः भरतकाम केलं. हिरवी पिंपळाची पानं आणि मध्ये मध्ये लाल फुलं. सगळा हिवाळा ती अंगणात ऊन धरून बसायची. तिला शाळा मधेच सोडावी लागली होती. घरात तिच्या हाताचं कौतुक कधी कुणी फारसं केलं नव्हतं. ती साडी बघून पहिल्यांदाच शेजारच्या बायका तिला बघायला येऊ लागल्या. एकदा मला म्हणाली, "लोकं नवरीले पाहतात न, त्या दिवशी माह्यं काम पाहतीन." तिला तेवढंच हवं होतं.

लग्नाला पंधरवडा उरला असताना भाऊजी आले. जेवताना त्यांनी साडी दाखवा म्हणून फर्मान काढलं. माय म्हणाली, जेवण होऊ द्या. नाही, आत्ताच. धाकटीनं पदर उलगडून धरला, तर साहेबांनी उजव्या हातात रश्शाची वाटी तशीच धरून डाव्या हातानं पदर जवळ ओढला. मटणाची तर्री. एक मोठा लालपिवळा थेंब पानांच्या मधोमध पडला.

मी पदर काढून घेतला. डाग चोळला नाही, वरून टाल्कम पावडर टाकून ठेवली, म्हणजे तेल तरी ओढलं जाईल. तासाभरानं झटकली. तेल बरंच गेलं, पण पिवळा डाग उरला. मायची साधी टसरची साडी आम्ही घरीच रिठ्याच्या गार पाण्यात धुवायचो, न पिळता टॉवेलात गुंडाळायचो, सावलीत वाळवायचो. सिल्क म्हटलं की लगेच ड्रायक्लीन असं काही नसतं. पण या साडीवर बाजारातला रंगीत धागा होता. मी पदराच्या उलट बाजूला एका लाल फुलाखाली पांढरी चिंधी ओली करून दाबून धरली. चिंधी गुलाबी झाली.

"पाण्यात नाही घालता येणार," मी सांगितलं. "नागपूरले न्यावं लागन. तिथं मशीनवाले ड्रायक्लीनर हायत. तेलाचा डाग तसाही त्याच औषधानं निघते."

"नागपूर कायले?" भाऊजी म्हणाले. "पांढुर्ण्यात माह्या दोस्ताचं दुकान हाय. ड्रायक्लीनर्स म्हणून बोर्ड लावला हाय त्यानं एवढा मोठा. आठ दिवसात आणून देतो. मी डाग पाडला, मीच काढून आणतो. जवाई कायले असते मग?"

बाबा म्हणाले, जवाईबापू म्हणतात ते बरोबर हाय.

मी काय करणार? त्या साडीला कुठल्या कंपनीची पट्टी नव्हती. म्हणून मी रात्रीच तिच्या आतल्या कोपऱ्यावर काळ्या दोऱ्यानं स्वतः चित्रं भरली. टब, त्यावर फुली. त्रिकोण, त्यावर फुली. एक गोल. वर भाऊजींना चारदा सांगितलं की दुकानदाराला तोंडानंही सांगा. "हो बाई हो," म्हणाले.

आठ दिवस झाले, दहा झाले. साडी आली नाही. शेवटी मीच बसनं पांढुर्ण्याला गेले. ताईकडे पिशवी ठेवून आधी दुकान गाठलं. बोर्ड खरंच मोठा होता. मागच्या आवारात डोकावले तर सिमेंटचा हौद, सोड्याचं पोतं, टिनोपॉलचा डबा आणि नारळाच्या काथ्याचा ब्रश. मशीन राहू द्या, हातानं ड्रायक्लीन करायला लागतो तो पेट्रोलचा डबासुद्धा नव्हता. दोरीवर आमची साडी वाळत होती, तीही भर उन्हात.

प्रत्येक लाल फुलाभोवती गुलाबी डाग पसरला होता. ओली असताना घडी करून ठेवली असणार, कारण पदरावर एका बाजूच्या फुलांचे डाग दुसऱ्या बाजूलाही उमटले होते. पोत खरखरीत झाला होता. तर्रीचा डाग होता तिथंच होता, भोवताली ब्रशनं रेशीम विस्कटलेलं.

"तो डाग सोड्यानं लालभडक झाला न, म्हणून जास्त घासला," दुकानदार म्हणाला. हळदीच्या डागाला सोडा लागला की तो लाल होतो, हे ड्रायक्लीनर्स असा बोर्ड लावणाऱ्याला माहीत नव्हतं. मी त्याला कोपऱ्यावरची चित्रं दाखवली. तो कौतुकानं म्हणाला, "हे डिझाइन मस्त काढलं बरं तुमी."

भाऊजींनी काही सांगितलं होतं का, असं विचारलं. तो म्हणाला, "साहेब म्हणे, मस्त धुऊन काढ."

साडी घेऊन मी ताईकडे आले. खोलीत खुंटीवर भाऊजींचा ब्लेझर होता. कॉलरच्या पट्ट्यांवर एक फुगा नाही, अस्तर सरळ. मी नाक जवळ नेलं. सोड्याचा नाही, साबणाचा नाही, त्याला तो उग्र गोडसर वास होता, ड्रायक्लीनच्या मशीनमधून आलेल्या लोकरी कपड्यांना काही दिवस येतो तो. मी ताईकडे बघितलं.

ताई पोळ्या लाटायची थांबली नाही. खाली मान घालून म्हणाली, "त्यांचा कोट तर नागपूरलेच जाते. मागच्याच हप्त्यात स्वतः जाऊन घेऊन आले. त्या दुकानात ते रुमालही देत नाहीत."

म्हणजे या माणसाला टबावरच्या फुलीचा अर्थ आमच्याइतकाच कळत होता. आमच्यापुढं तो नखरे म्हणून हसला, आणि स्वतःची वस्तू आली की गाडीत बसून नागपूरला गेला. तेही साडी याच्याकडे पडलेली असताना! अडाण्याचा मला राग येत नाही. या माणसाची किळस आली.

घरी येऊन सगळं धाकटीला सांगितलं, कोटाचंही. ती साडी मांडीवर घेऊन रडली. मायनं स्वतःची पांढरी सुती साडी काढून दिली. धाकटीनं ती परत पेटीत ठेवली. म्हणाली, "मी हेच नेसतो."

लग्नाच्या दिवशी ती तीच साडी नेसली आणि खराब झालेला पदर मुद्दाम समोर घेतला. वंदना झाली, फुलं पडली, बायका जवळ येऊन बघू लागल्या. हे काय झालं ग, असं जिनं जिनं विचारलं तिला धाकटी स्वच्छ आवाजात सांगत होती, "भाऊजींनी धुऊन आणली. त्यांच्या ओळखीचं दुकान हाय पांढुर्ण्यात." भाऊजी मंडपाच्या टोकाला पाहुण्यांना पाणी विचारत फिरत होते. एरवी त्यांनी कुणाला पाणी विचारलेलं मी पाहिलं नव्हतं.

मग फोटोवाल्यानं घरच्यांना बोलावलं. भाऊजींना फोटो सोडवेना. आले, ब्लेझरची बटणं लावली, बाहीवरची पट्टी कॅमेऱ्याला दिसेल असा हात पुढं घेतला आणि नवरीच्या अगदी शेजारी उभे राहिले.

"थांबा भाऊजी," धाकटी म्हणाली. "आधी कोट काढून ठेवा. ह्या साडीचा रंग सुटते. घामानं ओला होऊन तुमच्या कोटाले लागन. तो तर पाण्यात घालता येत नाही न."

कुणीच हसलं नाही. बाबा जमिनीकडे बघत होते, आणि या वेळी जवाईबापूंचं बरोबर आहे असं म्हणाले नाहीत. भाऊजींनी एकेक बटण काढलं. कोट ताईनं त्यांच्या हातातून घेतला आणि घडी न घालता मागच्या खुर्चीवर टाकला.

तो फोटो माझ्याकडे आहे. काळापांढरा आहे, त्यामुळे साडीवर फक्त पानंफुलं दिसतात, डाग ओळखू येत नाहीत. भाऊजींचा घामानं अंगाला चिकटलेला शर्ट मात्र अगदी स्पष्ट आला आहे.