परिचयातली एक ओळ

पोहायला शिकवणाऱ्या बाईंचा परिचय तलावाच्या वेबसाइटवर टाकायचा होता. सूनबाईंनी हौसेने पानभर लिहून दिला: जीवरक्षक प्रमाणपत्र, अकरा वर्षांचा अनुभव, शिवाय नातीचं नाव नि शाळा, विणकामाची आवड, प्रामाणिकपणावरची श्रद्धा.

बाई पेन घेऊन बसल्या. "नातीची शाळा जगाला कशाला सांगायची? आणि मी प्रामाणिक आहे असं कोण लिहीत नाही?"

"मग स्वतःचं काहीच नको?" सून हिरमुसली.

"शिकायला येणाऱ्याच्या उपयोगाचं तेवढं ठेवू." बाईंनी विणकामही खोडलं आणि खाली लिहिलं, 'बेचाळिसाव्या वर्षापर्यंत मला पाण्याची धडकी भरायची. त्यानंतर पोहायला शिकले.'

व्यवस्थापकांनी नाक मुरडलं. "हे वाचून लोक पळतील."

"आठवडाभर ठेवून तर बघा," बाई म्हणाल्या.

पाचव्याच दिवशी प्रौढांचा वर्ग भरला आणि दुसरा काढावा लागला. पहिल्या सकाळी आठ जण कठडा घट्ट धरून उभे होते. त्यांतले एक आजोबा म्हणाले, "बेचाळीस वाचलं, म्हटलं मग एकसष्ट काय फार नाही."

दोन महिन्यांनी आजोबांनी तलावाची रुंदी एका दमात पार केली, तेव्हा व्यवस्थापकांनीच टाळ्या वाजवून तलाव डोक्यावर घेतला.