खैरुनबीचं बसकर

हुपरीच्या शमशादनं कोल्हापुरात वास्तुकलेच्या परीक्षेत ज्यूरीपुढं चांदी-कारागिराच्या घराचा आराखडा लावला. "खोल्या दिसतात, विचार दिसत नाही," परीक्षक सरोजिनीबाई फटकन म्हणाल्या.

शमशादचे कान तापले. तिनं आराखड्यावर एकेक ट्रेसिंग कागद पसरला. पहिल्यावर रंगांचे पट्टे होते: पुढं दुकान, मधे काम, मागं घर. दुसऱ्यावर बाण होते; गिऱ्हाइकाची वाट घरच्या वाटेला कुठंच छेदत नव्हती. तिसऱ्यावर सूर्याचा मार्ग होता. कामाच्या खोलीला उत्तरेची लांब खिडकी, आणि मे-जूनचं उत्तरेकडून येणारं ऊन अडवायला छज्जा नि बाजूच्या आडभिंती.

"उत्तरच का?"

"दिवसभर सारखा उजेड, झळ न्हाय." रागात तोंडातून गावची बोली सुटलीच. "माझी आई, खैरुनबी, पैंजणाच्या कड्या जोडती. सकाळी अंगणात, दुपारी पडवीत, सांजंला दारात. उजेडामागं गोणपाटाचं बसकर ओढत फिरती बघा. सूर्य कुठनं कुठं जातो, ते मी तिच्याकडनंच शिकलो."

सरोजिनीबाईंनी चष्मा काढला. आवाज मऊ झाला. "मग या घरात त्या कुठं बसतात?"

शमशादनं खिडकीखाली पेन्सिलीनं छोटासा चौकोन काढला.

"हितं. दिवसभर हितंच."