चढत जाणारी मापं

चाकणच्या त्या कारखान्यात आमच्या सॉफ्टवेअर कंपनीची मी एकटीच होते. कुरुळीतल्या खोलीवरून यायचं, कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचं आणि परत जायचं. दिवसभर कुणाशी बोलणं होत नसे.

एका सकाळी मशीनवरचे काका आले. "मॅडम, स्क्रीनवर पार्टची मापं चढतच चाललीत. साहेब म्हणतात, कापायचं टूल झिजलं, बदला. पण टूल तर नवं हाय!"

आमच्या प्रोग्रॅममध्ये सगळ्या मापांतलं मधलं माप काढणारं एक जुनं फंक्शन, म्हणजे छोटा उपप्रोग्रॅम, होतं. त्याला मर्यादेचा आकडा आणि मापांची यादी दिली जाई. मी दोन्ही गोष्टी फंक्शन चालण्याआधी आणि नंतर स्क्रीनवर छापून पाहिल्या. फंक्शन आत आकडा बदलत होतं, तरी बाहेरचा तसाच राहत होता, कारण त्याला आकड्याची फक्त प्रत मिळत होती. यादीची मात्र प्रत होत नव्हती. मूळ यादी कुठे आहे, एवढंच त्याला कळत होतं. त्यामुळे मधलं माप शोधायला त्याने मापं चढत्या क्रमाने लावली, की स्क्रीनवरची मूळ यादीच बदलायची.

मी त्याला यादीचीही प्रत द्यायची सोय केली. मापं पुन्हा जशी येत होती तशी, वरखाली दिसू लागली.

आनंदाने ऑफिसला फोन केला. "ओके, तक्रार बंद कर," एवढंच उत्तर आलं. काकांना सांगायला गेले, तर दुपार होऊन त्यांची शिफ्ट संपली होती. मशीनवरच्या नव्या माणसाच्या कानात आवाजामुळे बोळे होते; तो नुसता हसला.

मी टेबलावर परतले आणि डबा उघडला.