गुणाजी आणि कुकरचं रबर

चूक माझीच होती, आणि ती मी पोटभर जेवून केली.

कमलाबाई पंधरा दिवसांसाठी देवगडला आईकडे निघाल्या, तेव्हा खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "शामराव, कुकर लागला तर वापरा. पण मागाहून रबर काढून धुवायचं आणि झाकण मोकळं ठेवायचं." मी मान डोलावली. महाडच्या शाळेत मान डोलावण्यात माझा हात कोणी धरत नसे.

लालबागच्या आमच्या चाळीत कुकर तो एकच. कमलाबाईंचा भाऊ बोटीवर खलाशी होता. त्यानं कुठल्याशा परदेशी बंदरातून आणून दिलेला. त्या विधवा बाईनं खानावळ काढली ती त्याच्याच जोरावर. स्टो एक, जेवणारे बारा, त्यातले निम्मे गिरणीचा भोंगा पोटात घेऊन जेवायला बसणारे. कुकरात डाळ झटपट शिजे, म्हणून सगळं जमे. गावाहून परतल्यावरच्या सोमवारपासून एका छापखान्यातले आणखी चार जण यायचे ठरले होते. त्या चार ताटांवर बाईंच्या मुलाची पुढची शाळा उभी होती, हे चाळीत सर्वांना ठाऊक होतं.

मी एकदाच खिचडी लावली, कुकर गळ्यापर्यंत भरून. ती फसफसून झाकणाच्या खाचेत शिरली. जेवण झालं आणि खाली संयुक्त महाराष्ट्राच्या सभेचा लाउडस्पीकर घसा साफ करू लागला. मी भांडं विसळलं, झाकण वरून पुसलं, घट्ट लावलं आणि कुकर स्टोवरच्या फळीवर ठेवून पळालो. घट्ट लावणं म्हणजे नीटनेटकेपणा, अशी माझी समजूत. पुढचे बारा दिवस मी त्याच स्टोवर चहा करत होतो आणि वर ते रबर भाजत होतं.

रविवारी सकाळी कमलाबाई आल्या. त्यांनी नुसतं पाणी घालून कुकर चढवला. झाकणाच्या कडेनं सगळीकडून वाफ फसफसू लागली. वरचं शिटीचं वजन काही हलेना. गार झाल्यावर झाकण उलटं करून पाहिलं, तर खाचेत खिचडीचा गिलावा, आणि त्यात रबर बांगडीसारखं कडक होऊन बसलेलं.

राग आला की कमलाबाई अहो-जाहोवरून खाली उतरत. "कुठे होतास रे धुवायच्या वेळी?"

"सभेला," मी म्हणालो. "महाराष्ट्रासाठी."

"महाराष्ट्र मिळेल रे! ह्या मापाचं रबर कुठून मिळणार?"

ते खरंच होतं. दादरला देशी कुकर नुकते दिसू लागले होते, पण त्यांचं रबर याला बसत नव्हतं; कमलाबाईंनी गावी जाण्यापूर्वीच विचारून पाहिलं होतं. आहे तेच अखंड निघालं, खाच साफ झाली, तर उद्याची डाळ शिजणार. तुटलं तर चार माणसांना नको म्हणायचं.

मी मर्दानगी दाखवायला सुरी घेतली आणि रबराच्या कडेला खुपसली. कट्ट असा आवाज झाला. आतल्या काठाला तांदळाएवढी चीर.

"सुरी ठेव खाली. ह्यां काय कलिंगड आसा?"

दारात गुणाजी उभे होते, शेजारच्या खोलीतले. मालवणचे. चौदाव्या वर्षी गिरणीत शिरले ते तीस वर्षं एकच काम करत होते: ताण्याचा एकेक उभा धागा मागाच्या फणीच्या फटीतून ओढून घ्यायचा. एका मागाला दोन-अडीच हजार धागे. एक तुटला तरी कापडात रेघ उमटते, म्हणून या माणसाला घाई कधी शिकताच आली नाही. जिनाही ते एकेक पायरी मोजून देत असल्यासारखे उतरत. चाळीतली पोरं त्यांना मालगाडी म्हणत. ते ऐकून ते आणखी हळू चालत.

गुणाजींनी आधी हात धुतले, पुसले, मग झाकण मांडीवर घेतलं. चिरेवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "शिकलेलो पोरगो. सरकारात टाइपरायटर बडवता."

"निघेल का हो?" कमलाबाईंनी विचारलं.

"वढलां तर तुटात. सोडवलां तर येयत."

परातीत कोमट पाणी आणि साबण. कढत नको, म्हणाले. त्यात झाकण अर्धा तास पालथं बुडवलं. पाच मिनिटांनी मी हात घातला, तर मनगटावर फटका बसला.

"घाई कित्याक करतस? ट्राम सुटता काय तुझी?"

अर्ध्या तासानं गिलावा पिठासारखा झाला. गुणाजींनी खिशातून आपली पट्टी काढली, फणीतून सूत ओढायची. पातळ, चपटी, टोकं घासून बोथट झालेली. ती रबर आणि खाच यांच्यामध्ये सरकवली आणि नुसती फिरवत नेली. एकदा आतल्या बाजूनं पूर्ण वेढा, एकदा बाहेरच्या. उचकटणं नाही. भाताचे पापुद्रे निघत गेले. मग आपल्या खोलीतून ग्लिसरीनची बाटली आणली. सुतानं बोटं फाटतात, म्हणून रोज रात्री ते बोटांना लावत. फटीत थेंब-थेंब सोडता सोडता अर्धी बाटली संपली.

चिरेच्या बरोबर समोरच्या बाजूला पट्टी खाली घालून त्यांनी रबर दोऱ्याएवढं उचललं. तिथेच पकडून ओढायला माझे हात शिवशिवत होते. गुणाजींनी मात्र गिरणीचं चारपदरी सूत त्या उचललेल्या जागेखालून घातलं, दोन्ही टोकं धरली आणि पुढे-मागे, पुढे-मागे करत सूत रबराखालून पुढे नेऊ लागले. सूत सरके तसं रबर उठे. कमलाबाई पदराचं टोक दातांत धरून बसल्या होत्या.

चीर चार बोटांवर आली तेव्हा ते थांबले. दुसऱ्या बाजूनंही तिथवर सोडवून घेतलं. मग अंगठ्यानं चीर मिटून धरली.

"श्वास घेवंक हरकत नाय," आमच्याकडे न बघता म्हणाले.

पण घेतला कोणीच नाही. पट्टी हळूच खाली गेली आणि रबर अंगठ्यासकट वर आलं. अखंड. गोल. भातानं माखलेलं.

कमलाबाई एकदम हसायलाच लागल्या. हसता हसता डोळे पुसले. मी नमस्कार करायला वाकलो, तर गुणाजी म्हणाले, "माका नको. रबराक कर."

काडीला फडकं गुंडाळून खाच मी साफ केली. ते काम माझ्या लायकीचं ठरलं. रबर दुपारभर ग्लिसरीन लावून ठेवलं, धुतलं आणि उलटं करून बसवलं, म्हणजे न झिजलेली बाजू वर आली. संध्याकाळी डाळ चढवली. चिरेजवळ क्षणभर फुसफुस झाली. आत वाफेचा जोर वाढला तसं रबर दबून बसलं आणि फुसफुस थांबली. वजन थरथरलं, उचललं गेलं, आणि सबंध मजल्यावर शिटी घुमली.

"घ्या शामराव," कमलाबाई म्हणाल्या. मी पुन्हा अहो-जाहोत आलो होतो.

सोमवारी सोळा ताटं वाढली गेली. छापखान्यातल्या एकानं डाळ दोनदा मागितली. गुणाजी कोपऱ्यात नेहमीसारखे एकेक घास मोजत जेवत होते. सगळे उठले तरी त्यांचा पहिला भात चालू होता.

त्याला आता दोन महिने झाले. ग्लिसरीनची बाटली मी अजून आणून दिलेली नाही. परवा जिन्यात गाठ पडली तेव्हा गुणाजींनी फक्त आपली फाटलेली बोटं माझ्या नाकासमोर धरली. मी म्हणालो, "उद्या नक्की." ते म्हणाले, "घाई नाय," आणि पुढची पायरी उतरले.