बंधाऱ्याखालचा गढूळ झिरपा

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, बावीस वर्षं वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्यावर पहारेकरी होते. जळलेल्या कोळशाची राख पाण्यात कालवून नळाने तळ्यात सोडतात; राख खाली बसते, वरचं पाणी काढून घेतात. तळं भरलं की जुन्या राखेवरच बांध आणखी चढवतात. त्या बांधाच्या पायथ्याशी छोटी वस्ती, तिथेच ताईचं घर, आणि लागूनच राखेच्या विटांचा कारखाना. तिथे मी कामाला होते.

बांधातून झिरपणारं पाणी भाऊजी रोज बाटलीत घेऊन उन्हात बघत. लोक त्यांना चिडवत, "काय वैद्यबुवा, नाडी कशी आहे?"

"नितळ आहे. देवाची कृपा."

बांध झिरपणारच, पण नितळ झिरपला पाहिजे.

त्या महिन्यात सिमेंटचा कारखाना दुरुस्तीसाठी बंद होता. वीजकेंद्रातून कोरडी राख नेणारे त्यांचे टँकर येईनात. सगळी राख तळ्यात, पाणी काठाला टेकलेलं. एका सकाळी भाऊजी धावतच आमच्या आवारात आले. बाटलीतलं पाणी राखाडी, तळाशी बोटभर गाळ.

"बांध आतून पोखरला जातोय," एवढंच म्हणाले.

त्यांनी वीजकेंद्रातल्या साहेबांना फोन लावला. "राखेचा पंप बंद करा, तळ्याचं पाणी उतरवा."

"लेखी कळवा."

"साहेब, लेखी कळवायला मी उरलो पाहिजे ना!"

आमचे मिस्त्री तोवर विटांची गाडी घेऊन निघालेच. "चला, झिरप्याचं भोक बुजवून टाकू."

"नका!" भाऊजी एवढे ओरडलेले मी कधी ऐकले नव्हते. "बुजवलंत तर पाणी दुसरीकडून फोडून येईल. पाणी येऊ द्या, राख तेवढी अडवा. वाळू टाका, तिच्यावर बारीक खडी, मग जाड."

विटांसाठी आणलेली वाळू आणि कारखान्याच्या नव्या शेडसाठी पडलेली खडी आम्ही घमेल्यांनी वाहिली. पायाखालची माती थुलथुलत होती. प्रत्येक घमेल्यागणिक मी देवाचं नाव घेत होते आणि वर बांधाकडे बघत होते. वस्ती रिकामी होत होती. ताई मात्र दारात उभी.

"अगं, जा ना!" मी ओरडले.

"हे येतील तेव्हा जाईन."

भाऊजींनी मान वर केली नाही. "मग घमेलं उचल," म्हणाले.

ती आली.

दुपारी साहेबांनी अखेर पंप थांबवला. संध्याकाळपर्यंत वाळूतून येणारं पाणी हळूहळू नितळ झालं. कुणी हसलं नाही. मिस्त्रींनी विचारलं, "वैद्यबुवा, आता भीती नाही ना?"

"आज नाही," भाऊजी म्हणाले, आणि खडीवरच बसून राहिले. तळं अर्धं उतरेपर्यंत, पुढचे अकरा दिवस, ताई त्यांचा डबा तिथेच नेत होती. बारावा दिवस उजाडला तेव्हा टँकर सुरू झाले होते. भाऊजी घरी आले. पण दोघांनी ते घर सोडलं, आणि उंचावरच्या भाड्याच्या खोलीत राहायला गेले.